अर्धा टक्का आणि दर शनिवार : बेळगावच्या एका फाउंड्री सल्लागाराने नाकारलेला प्रस्ताव

ही घटना खरी आहे. माणसे आणि कंपनी ओळखू येतील असे तपशील मात्र बदलले आहेत. आकड्यांचे आपसांतले प्रमाण तसेच ठेवले आहे, कारण निर्णय त्यावरच झाला.

पार्श्वभूमी

सल्लागार साठीच्या उंबरठ्यावर आहेत. धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या फाउंड्रीत तीसेक वर्षे काढून ते क्वालिटी विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. आता उद्यमबागेतल्या एका आणि मच्छेतल्या एका फाउंड्रीत आठवड्याला एकेक दिवस जातात. दिवसाचे १२,००० रुपये घेतात, म्हणजे तासाला १,५०० पडतात. काम ठरलेले असते : साच्याच्या वाळूतला, म्हणजे सँडमधला ओलावा, मेटलचे तापमान, रिजेक्शनच्या ढिगातला प्रत्येक तुकडा उचलून बघणे आणि दोष नेमका कुठल्या टप्प्यावर आला ते सांगणे. बेळगाव आणि पलीकडच्या कोल्हापूरच्या फाउंड्री मालकांमध्ये त्यांच्या शब्दाला वजन आहे. कामगारांशी ते कन्नडमध्ये बोलतात आणि मालकाशी मराठीत.

प्रस्ताव देणारे स्टार्टअप दोन तरुण अभियंत्यांचे. त्यातला एक बेळगावचाच. पुण्यात सात वर्षे सॉफ्टवेअरची नोकरी करून तो परत आला. कंपनी स्थापन होऊन चौदा महिने झाले होते. सँड मिक्सरवर बसवायचा ओलावा मोजणारा सेन्सर आणि रिजेक्ट कास्टिंगचा फोटो काढला की दोष ओळखणारे मोबाइल अ‍ॅप, असे त्यांचे उत्पादन. दोन फाउंड्रींत फुकट चाचणी चालू होती आणि विक्री अजून शून्य होती.

संस्थापकाचे वडील आणि सल्लागार एकाच कारखान्यात वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलांवर बसलेले. त्यामुळे हा मुलगा त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. प्रस्ताव आला तोही त्याच नात्यातून. घरी चहाला येऊन तो म्हणाला, "काका, तुम्ही नुसतं सोबत राहा. बाकी सगळं आम्ही बघतो." काका म्हणाले, "बघूया की." या दोन शब्दांनी पुढे बराच गोंधळ घातला.

प्रस्ताव काय होता

चार दिवसांनी दोन पानी पत्र आले. त्यात पद होते 'टेक्निकल अ‍ॅडव्हायझर'. मोबदला ०.५ टक्के 'ईसॉप', म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याचा हक्क, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारा. पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी कुणीही थांबले तर काहीच नाही. वेळ महिन्याला आठ ते दहा तास. रोख काही नाही. प्रवासखर्चाचा उल्लेख नाही. अर्धा टक्का आजच्या भांडवलाचा की पुढचे सगळे संभाव्य शेअर धरून, हेही लिहिलेले नव्हते.

कामाच्या यादीत तीन ओळी होत्या. उत्पादनाबाबत मार्गदर्शन, दोष ओळखण्याच्या अ‍ॅपसाठी 'डेटा व्हॅलिडेशन', आणि 'बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातील फाउंड्रींशी परिचय'. सल्लागारांनी या ओळी सहज वाचून सोडल्या. खरे म्हणजे तिथेच थांबायला हवे होते, कारण या तीन ओळींत तीन वेगळ्या माणसांची कामे आहेत. पहिले सल्लागाराचे, दुसरे पगारी अभियंत्याचे, तिसरे विक्री प्रतिनिधीचे.

तीन शनिवार

सही करण्याआधी 'जरा बघू' म्हणून सल्लागार तीन शनिवार त्यांच्या ऑफिसात गेले. एक गोष्ट त्यांनी अचूक केली. कारखान्यातल्या सवयीप्रमाणे खिशातल्या डायरीत वेळ लिहून ठेवली. तीन आठवड्यांचा हिशेब असा निघाला : शनिवारच्या बैठका ९ तास, मधल्या दिवसांतले फोन साडेचार तास, घरी बसून फोटो तपासणे साडेतीन तास. एकूण १७ तास. महिन्याच्या हिशेबात हे २४ तासांच्या आसपास जाते. पत्रात आठ ते दहा लिहिले होते.

फोटो तपासणे म्हणजे काय तेही सांगायला हवे. अ‍ॅपला शिकवण्यासाठी प्रत्येक फोटोवर दोषाचे नाव लिहावे लागते. संस्थापकांनी सगळ्या भोकांना 'ब्लो होल' म्हटले होते. ब्लो होल वायू अडकल्यामुळे होते आणि त्याची आतली भिंत गुळगुळीत, गोलसर असते. मेटल थिजताना आकसून जी पोकळी पडते ती खडबडीत, काटेरी असते आणि बहुतेक वेळा जाड भागात सापडते. पहिल्याचा उपाय सँड, ओलावा आणि वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंटमध्ये असतो. दुसऱ्याचा रायझरमध्ये, म्हणजे थिजताना जादा मेटल पुरवणाऱ्या साच्यातल्या जागेत. दोन्ही एकाच नावाखाली घातले तर अ‍ॅप फाउंड्रीला चुकीच्या उपायाकडे पाठवणार. सल्लागारांनी १४० फोटोंची नावे दुरुस्त केली. त्या तीन आठवड्यांत उत्पादनाची सर्वांत मोठी सुधारणा हीच झाली, आणि ती करणाऱ्याच्या हातात सही केलेला एकही कागद नव्हता.

तिसऱ्या शनिवारी पुढचा कार्यक्रम ठरला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या चार फाउंड्रींना भेट, सल्लागारांच्या गाडीतून. कोल्हापूरला जाऊन यायचे म्हणजे पेट्रोल, कोगनोळीचा टोल आणि एक अख्खा दिवस. ज्या दिवसाचे एरवी १२,००० मिळतात तोच दिवस.

आकडेमोड

निर्णयाला पहिले वळण या हिशेबाने दिले. सल्लागारांच्या मुलीने तो एका रात्रीत कागदावर मांडला. तास मुद्दाम कमी धरले, महिन्याला २०. वर्षाला २४० तास, दीड हजाराने ३ लाख ६० हजार. चार वर्षांचे १४ लाख ४० हजार. एवढ्या किमतीचे काम देऊन अर्धा टक्का मिळणार होता.

आता हा अर्धा टक्का अर्धाच राहत नाही. कंपनीत गुंतवणूकदार आला की नवे शेअर निघतात आणि जुन्यांचा वाटा पातळ होतो. दोन फेऱ्यांत प्रत्येकी २० टक्के नवे शेअर गेले, तर ०.५ चे आधी ०.४ आणि मग ०.३२ होतात. ०.३२ टक्क्याची किंमत १४ लाख ४० हजार व्हायला कंपनी ४५ कोटींना विकली गेली पाहिजे. तेव्हाही नुसती बरोबरी होते. सल्लागारांनी स्वतःला विचारले, ४५ कोटींना विकली जाण्याची शक्यता किती? त्यांनी दहात एक धरली, आणि ती उदार होती. मग बरोबरीसाठी विक्रीची किंमत ४५० कोटी लागते.

उलट बाजूचा हिशेब आणखी बोलका आहे. अकराव्या महिन्यात संस्थापकांनी 'आता गरज नाही' म्हटले असते तर २२० तास, म्हणजे ३ लाख ३० हजारांचे काम जाऊन हाती शून्य आले असते. वर्षभराची अट पूर्णवेळ कर्मचाऱ्याला ठीक असते, कारण त्याला दरमहा पगार मिळत असतो. पगार नसलेल्या सल्लागाराला तीच अट लावली की सगळी जोखीम एकाच बाजूला जाते.

तुलनेसाठी एक माप हाताशी ठेवावे. फाउंडर इन्स्टिट्यूट या संस्थेने प्रसिद्ध केलेला 'फास्ट' नावाचा करारनमुना स्टार्टअप आणि सल्लागार यांच्यात बराच वापरला जातो. अगदी सुरुवातीच्या कंपनीसाठी त्यात ०.२५ ते १ टक्का सुचवला आहे. त्यात दोन वर्षांचे टप्पे आणि तीन महिन्यांची सुरुवातीची अट आहे. खालच्या पातळीवर सल्लागाराकडून महिन्यातून एखाद्या बैठकीची अपेक्षा असते. म्हणजे इथे अर्धा टक्का हा आकडा वावगा नव्हता. त्याच्यासमोर ठेवलेले तास वावगे होते.

पत्रातला 'ईसॉप'

दुसरे वळण चार्टर्ड अकाउंटंटकडे आले. त्यांनी पत्र वाचून पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. भारतात खासगी कंपनीला ईसॉप देता येतो तो आपल्या, किंवा आपल्या होल्डिंग वा उपकंपनीच्या, कायम कर्मचाऱ्यांना आणि संचालकांना. बाहेरच्या सल्लागाराला तो देताच येत नाही. कंपनी कायदा २०१३ आणि त्याखालचे २०१४ चे भागभांडवलाचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. मेहनतीच्या बदल्यात मिळणाऱ्या शेअरचे, म्हणजे स्वेट इक्विटीचेही तसेच, तीही कर्मचारी आणि संचालकांसाठीच. म्हणजे पत्रात जे देऊ केले होते ते त्या रूपात कंपनी देऊच शकत नव्हती. संस्थापकांनी फसवले असे नाही. इंटरनेटवरून उचललेला परदेशी नमुना त्यांनी तसाच भरला होता, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते.

सल्लागाराला वाटा द्यायचे खरे मार्ग तीन आहेत. कंपनीने नवे शेअर काढून विकायचे, त्याला विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. संस्थापकाने स्वतःचे शेअर हस्तांतरित करायचे. किंवा शेअर न देता करार करायचा, की कंपनी विकली गेल्यास अमुक टक्के किमतीइतके पैसे देऊ. पहिल्या दोन मार्गांत शेअर बाजारमूल्याहून स्वस्तात मिळाले आणि फरक ५०,००० रुपयांवर गेला, तर करपात्र उत्पन्नाचा प्रश्न उभा राहतो. हातात रुपया न येता कर भरायची वेळ येते.

ही अडचण कळल्यावर संस्थापकाने चांगल्या मनाने तोड सुचवली : "मग काका, तुम्ही डायरेक्टरच व्हा. डायरेक्टरला ईसॉप चालतो." कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते. पण संचालकपद हा सन्मान म्हणून घ्यायचा बिल्ला नाही. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे वार्षिक विवरणपत्रे भरली नाहीत, तर कलम १६४(२) प्रमाणे तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. ती अपात्रता त्या एका कंपनीपुरती राहत नाही. सल्लागार स्वतःच्या मुलाच्या, साच्यांचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्न शॉपच्या कंपनीतही संचालक आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसातला विसराळूपणा घरच्या कंपनीच्या दारात आला असता.

अकाउंटंटनी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदही उघडून दाखवली. ती कुणालाही बघता येते. वसूल भांडवल १ लाख, दहा रुपयांचे १०,००० शेअर. अर्धा टक्का म्हणजे ५० शेअर, दर्शनी किंमत ५०० रुपये. टक्का ऐकताना मोठा वाटतो. शेअर मोजले की डोके जागेवर येते.

तोलून पाहिलेले पर्याय

पत्र आहे तसे स्वीकारणे हिशेबानंतर बाद झाले. पण नाकारणे हा एकच रस्ता उरला होता असेही नाही.

तास कमी करून घेणे हा गंभीरपणे विचारात घेतलेला पर्याय होता. महिन्याला दोन तासांची एक बैठक, फोटो आणि विक्री पूर्ण वगळून, पाव टक्क्याचा करार, दोन वर्षांचे टप्पे, प्रवासखर्च कंपनीचा. आमच्या मते कागदावर हा प्रस्ताव रास्त होता. सल्लागारांनी तो सोडला त्याचे कारण पैशाचे नव्हते. त्यांच्या दोन्ही पगारी फाउंड्रींचे रिजेक्शनचे आकडे त्यांच्या डोक्यात आहेत. स्टार्टअपला नेमके तेच हवे होते. शनिवारी बोलताना कुठल्या वाक्यात कुणाचा आकडा निसटेल याची खात्री त्यांना स्वतःला देता येत नव्हती. शिवाय सेन्सर अजून कच्चा होता. सँड गरम असली की ओलाव्याचे आकडे चुकत होते. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांत राखायचा असतो, तिथे अर्ध्या टक्क्याची चूकही मोल्ड बिघडवते. असे यंत्र त्यांच्या नावाने कोल्हापुरात गेले आणि फसले, तर नाव त्यांचे जाणार होते.

दिवसाच्या दराने पैसे घेऊन काम करणे हा तिसरा पर्याय. यात नाते स्वच्छ राहते : ठरलेला दिवस, ठरलेले काम, बिल. कंपनीकडे पैसे कमी होते, पण अजिबात नव्हते असे नाही. सॉफ्टवेअरसाठी ती दरमहा खर्च करत होतीच.

नकार कसा दिला

संस्थापकाच्या वडिलांशी आधी बोलावे असे घरच्यांचे मत होते. सल्लागारांनी ते ऐकले नाही, आणि ते योग्य झाले. वडिलांकरवी नकार गेला असता तर मुलाला तो घरगुती रुसवा वाटला असता. त्यांनी मुलालाच टिळकवाडीतल्या हॉटेलात चहाला बोलावले. बसल्याबसल्या पहिल्या मिनिटात नाही म्हणून टाकले आणि त्याच संध्याकाळी ईमेल पाठवली. ती अशी :

"तुझ्या कंपनीचं सल्लागारपद आणि संचालकपद, दोन्ही मी घेणार नाही. हा निर्णय पक्का आहे, टक्का वाढवून तो बदलणार नाही. तुम्हाला लागणारा वेळ माझ्याकडे नाही, आणि ज्या फाउंड्रींचं मी काम करतो त्यांच्याशी हितसंबंधांचा प्रश्न येतो. आजवर तपासलेल्या १४० फोटोंची यादी जोडली आहे. ती वापरा, माझा त्यावर काही हक्क नाही. तुमच्या सादरीकरणात आणि वेबसाइटवर माझं नाव किंवा फोटो असेल तर येत्या शुक्रवारपर्यंत काढावा आणि काढल्याचं मला कळवावं. तुम्ही दाखवलेली माहिती मी कुणाला सांगणार नाही. एखाद्या ठरावीक कामासाठी माझा दिवस हवा असेल तर दर १२,००० आहे."

'सध्या जमणार नाही' असे यात कुठे नाही. 'सध्या' लिहिले की दोन महिन्यांनी फोन येतो. कारणेही दोनच आहेत. पाच कारणे दिली की समोरचा पाचांवर पाच उत्तरे शोधतो, आणि आपण वाटाघाटीत जाऊन बसतो. ४५ कोटींचा हिशेब मुद्दाम दिला नाही. तो सल्लागारांच्या निर्णयासाठी होता, मुलाला त्याच्या कंपनीची किंमत ऐकवण्यासाठी नव्हता.

शेवटची ओळ मात्र चुकली. दर त्याच पत्रात आल्यामुळे संस्थापकाला तो घासाघिशीचा सूर वाटला. तीन दिवसांत एक टक्क्याचा प्रस्ताव आला. एक टक्का म्हणजे १०० शेअर, आणि बरोबरीची किंमत ४५ वरून साडेबावीस कोटींवर. तास तेच आणि फाउंड्रींचा प्रश्नही तोच. पुन्हा नाही म्हणावे लागले, आणि दुसरा नकार पहिल्यापेक्षा कडू लागतो.

पुढे काय झाले

नाव काढायला शुक्रवार उलटून आणखी आठवडा गेला. चहाच्या दिवशीच्या 'बघूया की'नंतर दुसऱ्याच आठवड्यात सादरीकरणात सल्लागारांचा फोटो बसला होता आणि एका सरकारी अनुदानाच्या अर्जाला तो जोडलाही गेला होता. हे कळले ते उद्यमबागेतल्या एका मालकाच्या फोनमुळे : "तुम्ही त्यांच्याकडे आहात म्हणे, मग मशीन घ्यायचं का?" सल्लागारांनी "मी त्यांच्याकडे नाही, मशीनबद्दल मत देणार नाही" एवढेच सांगितले.

दोन घरांत काही आठवडे अबोला होता. गणपतीत येणे-जाणे पुन्हा सुरू झाले.

स्टार्टअपने फोटोंच्या कामासाठी फाउंड्रीत दोन वर्षे काढलेला एक डिप्लोमाधारक मुलगा पगारावर घेतला. हे काम पगारी माणसाचेच होते. पुढच्या तिमाहीत त्यांनी सल्लागारांचे दोन दिवस पैसे देऊन घेतले, दोन्ही गरम सँडमधल्या सेन्सरच्या चुकीसाठी. सल्लागारांनी आधी आपल्या दोन्ही फाउंड्री मालकांना विचारून घेतले. त्या दोन दिवसांत प्रश्नांची यादी आधी आली, बैठक वेळेवर संपली आणि लेखी अहवाल गेला. फुकटच्या तीन शनिवारी यातले काहीच झाले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

तीन शनिवार गेले हे वाईट नव्हते, पण ते मुदत न ठरवता गेले. 'दोन बैठका, प्रत्येकी दोन तास, त्यानंतर मी हो किंवा नाही सांगेन' एवढे पहिल्या चहालाच म्हटले असते तर फोटोंचे काम घरी आलेच नसते. त्याच वेळी 'माझी सही होईपर्यंत नाव वापरू नका' हेही सांगता आले असते. आपल्याकडे मोठ्या माणसाचे 'बघूया' हे हो समजले जाते, हे बोलणाऱ्यानेच लक्षात घ्यायला हवे. दराची गोष्ट आठवडाभराने, ती विचारली गेल्यावर सांगितली असती तर एक टक्क्याची फेरी टळली असती.

संस्थापकांच्या बाजूनेही एक गोष्ट करता आली असती. तीन कामे एकाच पदात घालण्याऐवजी ती वेगळी मांडायची. फोटोंसाठी पगारी माणूस, ओळखीसाठी झालेल्या विक्रीवर ठरलेली रक्कम, आणि सल्ल्यासाठी महिन्याचे दोन तास व छोटा वाटा. यातला शेवटचा तुकडा एकटा आला असता, तर फाउंड्रींची आकडेवारी बाहेर ठेवण्याची लेखी अट घालून सल्लागारांनी तो घेतलाही असता, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे.

एक धागा अजून मोकळा आहे. १४० फोटोंवर आपला हक्क नाही असे सल्लागारांनी ईमेलमध्ये लिहिले, पण हक्क कंपनीकडे सोपवल्याचा सही केलेला कागद झाला नाही. गुंतवणूकदार पैसे घालण्याआधी उत्पादनातले कुठले काम कुणी केले आणि त्याचे हक्क कंपनीकडे आहेत का हे तपासतात. तेव्हा हा कागद मागितला जाईल. अकाउंटंटनी एका पानाचा मसुदा करून दिला आहे आणि सल्लागार सहीला तयार आहेत. कंपनीकडून तो अजून आलेला नाही.